पंच्याहत्तरीचा केक आणि पुडिंग, अंड्याशिवाय

*ताई, नमस्कार. माझ्या पाच वर्षांच्या नातवाला अंड्याची ॲलर्जी आहे. पुढच्या महिन्यात आमच्या यजमानांची पंच्याहत्तरी आहे, घरचीच पंचवीस माणसं. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की माझा चार अंड्यांचा स्पंज केक आणि चार अंड्यांचं, अर्धा लिटर दुधाचं कॅरमेल पुडिंग ठरलेलं. मागच्या वेळी सगळे केक खात होते आणि हा बिस्किटाचा पुडा घेऊन बसला होता. यंदा सगळ्यांच्या बशीत असेल तेच त्यालाही द्यायचं आहे. अंड्याऐवजी काय घालू? धाकटी जाऊ अमेरिकेहून येताना 'एग सब्स्टिट्यूट' आणते म्हणाली आहे. आणि नणंद म्हणते, केकमध्ये अंडं भाजलं जातं, एवढ्याशानं काही होत नाही. खरं काय?*
*— एक आजी, सांगली*

नमस्कार काकू,

आधी नणंदबाईंच्या म्हणण्याबद्दल, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात ॲलर्जी आणणारी मुख्य प्रथिनं दोन. ओव्हल्ब्युमिन हे उष्णतेनं बरंच बदलतं. दुसरं ओव्होम्युकॉइड, ते उष्णतेला सहज दाद देत नाही. ज्या मुलांना पहिल्याचाच त्रास असतो त्यांना मैद्यात मिसळून अर्धा तास भाजलेलं अंडं पचू शकतं, आणि अशी मुलं खरंच बरीच असतात. पण तुमचा नातू त्यांतला आहे का, हे घरी केकचा तुकडा देऊन शोधायचं नसतं. ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं हाताशी ठेवून होते. समजा उद्या डॉक्टरांनी 'भाजलेल्या केकमधलं चालेल' असं सांगितलं, तरी ती परवानगी पुडिंगला लागू होत नाही. पुडिंग पाण्याच्या वाफेवर शिजतं, त्यातलं अंडं जेमतेम ८०-८५ अंशांपर्यंत जातं, आणि मैद्यात गुंतलेलंही नसतं. केक पचणाऱ्या मुलाला पुडिंगनं त्रास होऊ शकतो. तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही पदार्थ पूर्ण बिनअंड्याचे.

आता जाऊबाईंच्या डब्याबद्दल, त्या विमानात बसायच्या आत त्यांना फोन करा. अमेरिकेत 'एग सब्स्टिट्यूट' या नावानं मिळणारे काही खोके अंड्याच्या पांढऱ्याचेच असतात. कोलेस्टेरॉल टाळणाऱ्यांसाठी फक्त पिवळा बलक काढलेला असतो, आणि ॲलर्जी तर मुख्यतः पांढऱ्याची. त्यांनी 'एग रिप्लेसर' म्हणून विकली जाणारी, बटाट्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची पावडर आणली तर हरकत नाही, पण घटकांची यादी त्यांनी स्वतः वाचायला हवी. खरं तर आणली नाही तरी चालेल. तुमच्या केकला तिचा फारसा उपयोग नाही, का ते पुढे सांगते.

नातवासाठी वेगळा छोटा केक आणि बाकीच्यांसाठी नेहमीचा, असंही करू नका. पाच वर्षांचं मूल कार्यक्रमात दहा जणांच्या हातून खातं. कुणीतरी मामा प्रेमानं स्वतःच्या बशीतला घास भरवतो, एकाच सुरीनं दोन्ही केक कापले जातात, क्रीमचा चमचा इकडचा तिकडे जातो. टेबलावर अंड्याचा केक मुळात नसला की कुणी पहारा द्यायला नको. तुम्हाला 'सगळ्यांच्या बशीतलंच' द्यायचंय, त्याचा सरळ अर्थ केक एकच आणि पुडिंग एकच.

आता 'अंड्याऐवजी काय घालू' हा प्रश्न. एक-दोन अंड्यांच्या लोणी घातलेल्या केकमध्ये अदलाबदल जमते. एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून, किंवा पाव कप कुस्करलेलं केळं. जवस धरून ठेवतं पण फुलवत नाही, वर तपकिरी ठिपके दिसतात. केळ्यानं केक जड होतो आणि केळ्याचाच लागतो. मफिन, गाजराचा केक, खजुराचा केक यांत हे छान खपून जातं. तुमचा चार अंड्यांचा स्पंज मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात अंडं फेसून कोंडलेली हवाच केक उचलते, आणि भाजताना घट्ट झालेली अंड्याची प्रथिनंच तो उभा ठेवतात. चारही अंडी काढून त्या जागी जवस किंवा जाऊबाईंची पावडर घातली तर खाली चिकट, वर कोरडी अशी वडी निघेल. हाच नियम लक्षात ठेवा: तीन किंवा जास्त अंड्यांचा केक असेल तर अंडं बदलायचं नाही, कृती बदलायची. जी कृती मुळातच अंड्याविना बांधलेली आहे तीच घ्यायची. छोले शिजवलेलं पाणी फेसून अंड्याच्या पांढऱ्यासारखं करता येतं हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण पंचवीस माणसांच्या दिवशी पहिल्यांदा करायचा तो प्रकार नव्हे.

तुमच्यासाठी मी दह्याचा केक निवडते. (नातवाला दुधाचीही ॲलर्जी असेल तर हा परिच्छेद सोडा, खाली चॉकलेटचा दिला आहे.) सात इंची गोल टिनला हे प्रमाण, कप २४० मिलिलिटरचा: मैदा दीड कप म्हणजे साधारण १९० ग्रॅम, ताजं गोडसर दही एक कप, साखर पाऊण कप म्हणजे १५० ग्रॅम, वास नसलेलं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ. दही फ्रिजमधून दोन तास आधी बाहेर काढा. ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा आणि टिनला कागद लावून घ्या, हे मिश्रण करायच्या आधी. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळा. दह्यात साखर घालून ती विरघळेपर्यंत फेटा, मग तेल आणि व्हॅनिला घालून पुन्हा फेटा. हे मिश्रण जेवढं एकजीव तेवढं बरं, कारण तेल आणि पाणी सांधणारा बलक इथे नाही. मैदा दोन-तीन वेळा घालून फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईतो हलक्या हातानं मिसळा. बारीकसारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. लगेच टिनमध्ये ओता, लगेच ओव्हनमध्ये. ३५ ते ४० मिनिटं लागतात, पहिली २५ मिनिटं दार उघडू नका.

'लगेच' दोनदा लिहिलं आहे ते मुद्दाम. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटायला लागतो. अंड्याचा फेस थोडा वेळ तग धरतो, या मिश्रणातले बुडबुडे धरत नाहीत. पंधरा मिनिटं ओट्यावर राहिलेलं मिश्रण भाजल्यावर दीड इंचाची भाकरी देतं. म्हणूनच तीन टिन करायचे तर मिश्रण तिप्पट एकदम करू नका. तुमच्या ओव्हनमध्ये एकावेळी एक टिन मावत असेल तर कोरडं साहित्य तीन वाडग्यांत चाळून ठेवा, ओलं तीन भांड्यांत, आणि पहिला केक बाहेर आला की दुसऱ्याचं एकत्र करा.

एकाच मोठ्या, खोल टिनमध्ये सगळं ओतायचा मोहही टाळा. अंड्याचा आधार नसलेला केक उंच टिनमध्ये कडेनं शिजतो आणि मध्ये बसतो. सात इंची टिन अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरेल, तेवढाच भरा. सात इंची एका केकचे दहाएक तुकडे होतात, तेव्हा पंचवीस माणसांना तीन हवेत. दोन एकावर एक ठेवून मध्ये क्रीम लावा, तो यजमानांपुढे कापायला. तिसरा स्वयंपाकघरातच कापून बशांत लावा.

केक बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी टिनमधून काढा, पण कापू नका. अंड्याच्या केकमध्ये प्रथिनांची चौकट ओव्हनमध्येच पक्की होते. इथे केकला उभं धरणारं मुख्यतः मैद्याचं स्टार्च आहे आणि ते थंड होताना घट्ट होतं. गरम असताना कापला की चुरा होतो, आणि चुरा झाला की लोक 'एगलेस केक असाच असतो' म्हणून मोकळे होतात. पूर्ण गार करा, झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी धारदार सुरीनं कापा. म्हणजे तिन्ही केक आदल्या संध्याकाळी व्हायला हवेत.

बिघाड ओळखायच्या खुणा सांगते. मध्ये खड्डा पडला असेल तर दोन कारणं: दार लवकर उघडलं, किंवा सोडा जास्त झाला. सोडा जास्त झाल्याची दुसरी खूण म्हणजे साबणासारखी चव आणि आतून पिवळट-तपकिरी रंग. फुलत नाही म्हणून लोक सोडा वाढवतात, त्यानं केक जास्त बसतो. केक कापल्यावर आत लांबट बोगद्यासारखी भोकं दिसली आणि घास रबरी लागला तर मैदा घातल्यावर जास्त फेटलं गेलं. तळाला ओलसर, दाट थर दिसला तर दही पातळ होतं किंवा पाच मिनिटं कमी भाजलं. दही पाणीदार असेल तर वरचं पाणी ओतून टाका, पण चक्का करू नका, मग ओलावाच कमी पडेल. खूप आंबट दहीही नको, आंबटपणा केकमध्ये उरतो. वरचा रंग तुमच्या स्पंजपेक्षा फिका दिसला तर तो बिघाड नव्हे, सोनेरी रंगात अंड्याचाही वाटा असतो. विणायची सुई मध्ये खुपसून कोरडी आली आणि कडा टिनपासून सुटल्या की केक झाला.

तुमच्या स्पंजचा तो हलका, दाबला की वर येणारा पोत यात येणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. हा केक जास्त ओलसर, थोडा दाट आणि मऊ होतो. स्विस रोल, मॅकरॉन, एक्लेअर असले पदार्थ तर अंड्याविना घरी करायच्या भानगडीत पडू नये. पण क्रीम आणि फळं लावून कापायचा वाढदिवसाचा केक म्हणून दह्याचा केक मला काही बाबतींत उजवा वाटतो, कारण तो दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

दूधही चालत नसेल, किंवा मुलांसाठी चॉकलेटचाच हवा असेल, तर व्हिनेगरचा केक करा. मैदा दीड कप, साखर एक कप, कोको पाव कप, सोडा एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा एकत्र चाळायचं. त्यात पाणी एक कप, तेल एक तृतीयांश कप, पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा घालून भराभर मिसळायचं आणि १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजायचं. व्हिनेगरचा वास भाजताना निघून जातो. अंडं, दूध, लोणी यातलं काहीच नाही, आणि चॉकलेटच्या रंगात फिकेपणाही दिसत नाही.

आता पुडिंगकडे येते, माझ्या दृष्टीनं ते केकपेक्षा सोपं. केकमध्ये अंड्याला हवा धरायची असते, आधार द्यायचा असतो, तेल-पाणी सांधायचं असतं. पुडिंगमध्ये मुख्य काम एकच: दूध घट्ट बसवायचं. ते काम करणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

त्यातली पहिली खरवस. चिकातली प्रथिनं वाफेवर अंड्यातल्या प्रथिनांसारखीच घट्ट बसतात, म्हणून खरवसाच्या वडीचा पोत अंड्याच्या पुडिंगच्या इतका जवळ जातो. सांगलीत ओळखीच्या गवळ्याकडे म्हैस किंवा गाय व्यालेली असेल तर चीक सांगून ठेवा. पहिल्या दिवसाच्या चिकाच्या एका वाटीला दोन ते तीन वाट्या दूध लागतं, दुसऱ्या दिवशीच्याला साधारण बरोबरीचं. चिकाचा दाटपणा जनावरागणिक बदलतो, म्हणून आधी एका छोट्या वाटीत दोन चमचे मिश्रण वाफवून बघा. रबरी झालं तर दूध वाढवा, सैल राहिलं तर चीक. गुळाऐवजी साखर घातली आणि भांड्याच्या तळाशी तुमचं नेहमीचं कॅरमेल ओतलं की हेच कॅरमेल पुडिंग. मंद वाफेवर शिजवा. वाफ जोरात असेल तर जाळीदार होतं आणि पाणी सुटतं, अंड्याच्या पुडिंगचं होतं तसंच.

पण जनावर तुमच्या पंच्याहत्तरीची तारीख बघून विणार नाही, म्हणून दुसरी वाट हाताशी हवी. ती कस्टर्ड पावडर आणि चायना ग्रास यांची. कस्टर्ड पावडरचा जन्मच तुमच्यासारख्या अडचणीतून झाला, हे मला फार आवडतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंड्याचा त्रास होता आणि कस्टर्ड आवडायचं, म्हणून १८३७ मध्ये त्यानं कॉर्नफ्लॉवरवर बसणारं बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. तिला यीस्टही चालत नव्हतं, त्यासाठी पुढे त्यानं बेकिंग पावडरही बनवली. आपल्या कपाटातली पिवळी कस्टर्ड पावडर त्याच जातीची, मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. तरी पाकिटावरची यादी वाचाच.

नुसत्या कस्टर्ड पावडरनं दूध दाट होतं पण उलटं केल्यावर उभं राहत नाही. नुसत्या चायना ग्रासनं उभं राहतं पण कडक आणि ठिसूळ होतं, कारण एकदा बसलेलं चायना ग्रास तोंडाच्या उष्णतेनं वितळत नाही. दोन्ही थोडं थोडं घेतलं की जमतं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाला हे घ्या: चायना ग्रासच्या काड्या ५ ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटातल्या निम्म्या. त्यासाठी पाणी दीडशे मिलिलिटर. कस्टर्ड पावडर दोन मोठे चमचे, साखर पाच मोठे चमचे. कॅरमेलला साखर आणखी चार मोठे चमचे.

कॅरमेल नेहमीसारखं करून टिनच्या तळाला फिरवा, पण थर पातळ ठेवा. काड्या कात्रीनं बारीक करून त्या दीडशे मिलिलिटर पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर उकळा. एकही धागा दिसेनासा होईपर्यंत, सात-आठ मिनिटं. इथे घाई केली तर पुडिंगमध्ये दोरे लागतात. दुसऱ्या भांड्यात दूध आणि साखर तापवा, गार दुधात कालवलेली कस्टर्ड पावडर त्यात घालून तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा, कच्च्या पिठाची चव जायला हवी. मग गरम दुधात गरम चायना ग्रास गाळून घाला. दोन्ही गरम असायलाच हवीत. चायना ग्रास साधारण ४० अंशांच्या खाली बसायला लागतं, गार दुधात घातलं तर तिथल्या तिथे गुठळ्या होतात.

टिनमध्ये ओतण्याआधी एक चमचा मिश्रण बशीत टाका आणि दोन-तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोटानं दाबल्यावर थरथरलं पाहिजे. कडक वाटलं तर अर्धी वाटी गरम दूध घाला, सैल वाटलं तर थोडं आणखी चायना ग्रास वेगळं वितळवून घाला. अंड्याचं पुडिंग बिघडलं की बिघडलं. हे मात्र बसल्यावरही पुन्हा तापवून वितळवता येतं आणि दुरुस्त करता येतं.

एक फरक तुम्हाला खटकेल. वाफवताना कॅरमेल आपोआप विरघळून पाक होतो, इथे वाफवणं नाही म्हणून तळाला थोडं कॅरमेल काचेसारखं चिकटून राहतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की बरंचसं सुटतं. शिवाय दोन चमचे साखरेचं वेगळं कॅरमेल करून त्यात गरम पाणी घालून पाक करून ठेवा (पाणी घालताना तोंड लांब, ते उसळतं) आणि वाढताना वरून ओता. पंचवीस जणांना या प्रमाणाचे तीन टिन पुरतील. आदल्या रात्री करा, त्याआधी नको. चायना ग्रासच्या पुडिंगला दीड-दोन दिवसांनी पाणी सुटतं. टिन उलटं करायचं ते वाढायच्या वेळीच.

आता भांड्यांचं बघा. तुमच्या स्वयंपाकघरात अंडं नेहमी फेटलं जातं, म्हणून हे गांभीर्यानं घ्या. बीटरची पाती, त्यांचा वरचा दांडा जिथे शिरतो ती खाच, रबरी उलथन्याचा सांधा, चाळणीची जाळी, टिनच्या दुमडलेल्या कडा, इथे अंडं वाळून राहतं. आधी गार पाण्यानं धुवा, कारण गरम पाण्यानं अंडं शिजून चिकटतं. मग गरम पाणी आणि साबणानं घासा. नुसतं फडक्यानं पुसून ॲलर्जीचं प्रथिन जात नाही. लाकडी चमचा आणि जुना केक-ब्रश यांना बाजूला ठेवून नवीनच घ्या, चार पैशांचं काम आहे. आणि त्या दोन दिवसांत स्वयंपाकघरात ऑम्लेट, अंडाकरी काही होऊ देऊ नका.

बाहेरून आणायच्या गोष्टींत हिरव्या ठिपक्यावर सगळा भरवसा ठेवू नका. आपल्याकडे अंडं असलेल्या पदार्थावर मांसाहारी खूण लागते, तेव्हा हिरवा ठिपका म्हणजे अंडं घटक म्हणून घातलेलं नाही एवढं नक्की. पण त्याच यंत्रावर अंड्याचा माल बनत असेल तर अंश राहू शकतो. म्हणून ठिपक्याखाली न थांबता ॲलर्जीची ओळ वाचा, 'कन्टेन्स' आणि 'मे कन्टेन' दोन्ही. क्रीम, चॉकलेट, केकवर लावायच्या साखरेच्या फुलांचं पाकीट, मार्शमॅलो, सँडविचला मेयोनीज, सगळ्यांवर हीच नजर. केकवरची कडक पांढरी आयसिंग बहुधा अंड्याच्या पांढऱ्याची असते. चकचकीत पाव आणि पॅटीसवर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. बेकरीतला सुटा 'एगलेस' केक मी या मुलासाठी घेणार नाही. घ्यायचाच झाला तर 'एगलेस आहे का' असं न विचारता 'बीटर, टिन आणि क्रीमची पिशवी वेगळी आहे का' असं विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला की समजून घ्या.

सूनबाई आणि मुलगा यांच्याशी आधीच बोलून डॉक्टरांनी दिलेली औषधं कुठे ठेवली आहेत ते घरातल्या चार मोठ्यांना माहीत असू द्या. ओठ किंवा डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, एकाएकी उलट्या, आवाज बसणं किंवा श्वासाला घरघर लागणं या खुणा. श्वासाची तक्रार असेल किंवा मूल एकदम मलूल झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनालिन दिलेलं असेल तर ते लगेच द्यायचं, आणि तडक रुग्णालयात न्यायचं.

या रविवारी एकच टिन केक आणि एक वाटीभर पुडिंग करून बघा, पंचवीस जणांचं गणित नंतर. केक कापल्यावर आतून कसा दिसतो, खड्डा पडला का, तळ ओला आहे का, हे मला कळवा. सोबत टिनची उंची आणि दही कुठलं होतं, घरचं की विकतचं, तेही लिहा. मुख्य दिवसाला अजून वेळ आहे, प्रमाणात काय हलवायचं ते त्यावरून सांगता येईल.